बुधाचा ताळा

पहाटे साडेपाच

चहा होईपर्यंत पंचांग उघडून बसायचं ही सवय नोकरीत असतानाच लागली. तेहतीस वर्षं रत्नागिरीत शाळेत गणित शिकवलं आणि निवृत्तीनंतर पत्रिका बघायला बसले. म्हणून गावात मला अजूनही कुणी ज्योतिषी म्हणत नाही, सगळे ‘बाई’च म्हणतात. आज कार्तिकातला बुधवार. बुध वक्री आहे, वृश्चिकेतून मागे तुळेकडे सरकतो आहे. म्हणजे आज दुकानदार मंडळी येणार, हे पंचांगातच लिहून ठेवल्यासारखं दिसतं.

आज येणार असलेल्या तीन पत्रिका काल रात्रीच काढून ठेवल्या होत्या. तिन्हींत बुधाची महादशा चालू आहे, किंवा संपली आहे असं घरच्यांचं म्हणणं आहे. या दोन गोष्टींत किती अंतर असू शकतं, ते दुपारच्या पत्रिकेत पाहायचं आहे.

विंशोत्तरी दशेत माणसाचं आयुष्य १२० वर्षांचं धरून नऊ ग्रहांत वाटलेलं असतं. बुधाच्या वाट्याला १७ वर्षं येतात. ती शनीच्या १९ वर्षांनंतर येतात आणि त्यांच्यामागून केतूची ७. जन्माच्या वेळी चंद्र ज्या नक्षत्रात असतो त्या नक्षत्राच्या स्वामीची दशा जन्मतः चालू धरतात, आणि नक्षत्राचा जेवढा भाग उरलेला असेल तेवढीच ती दशा भोगायची राहते. एवढी त्रैराशिकं सातवीतलं मूल मांडू शकतं. मांडणी सोपी असली तरी चूक घुसायला जागा आहे. ती चंद्राच्या अंशांतून घुसते.

सकाळी नऊ

पहिलं जोडपं अडीच वर्षांच्या मुलाला घेऊन आलं. मूल गोड, हसरं, खेळण्यातल्या गाडीचं चाक अर्धा तास फिरवत बसलेलं. चंद्र रेवतीत, मीनेच्या २० अंशांवर. रेवतीचा स्वामी बुध. नक्षत्राचा पाव भाग जन्माआधीच सरलेला, पाऊण उरलेला, म्हणून जन्मतः बुधाची १२ वर्षं ९ महिने भोग्य. आश्लेषा, ज्येष्ठा आणि रेवती या तीन नक्षत्रांवर जन्मलेली मुलं बुधाच्या दशेतच डोळे उघडतात.

“बुधाची दशा आहे ना बाई, मग हा बोलत का नाही?” आईने विचारलं. तिच्या सासूबाईंनी तिला सांगितलं होतं की वाणीच्या ग्रहाची दशा आहे, आपोआप बोलेल, घाई नको. या एका वाक्यापायी घरच्यांनी सात-आठ महिने वाट पाहिली होती.

मी पत्रिका बाजूला ठेवली. मूल पाठमोरं असताना हातातली किल्ल्यांची जुडी हळूच वाजवली. त्याने मान वळवली नाही. पुन्हा जरा जोरात वाजवली, तेव्हा वळवली. याला मी चाचणी म्हणणार नाही, पण आईवडिलांना घाबरवल्याशिवाय उठवायला एवढं पुरलं. दोन शब्द जोडून बोलणं साधारण दोन वर्षांच्या आसपास यायला हवं. अडीच वर्षांपर्यंत सुटे शब्दही मोजकेच असतील तर आधी श्रवण चाचणी, मग वाचा-उपचार तज्ज्ञ, आणि तोवर बालरोगतज्ज्ञांचं लक्ष. कान वेळेवर तपासला गेला तर पुढचं सगळं सोपं जातं. उशीर झालेली वर्षं कुठल्याही दशेत परत मिळत नाहीत. हे मी वहीच्या पानावर लिहून दिलं. शाळेत मागच्या बाकावरची मुलं ‘लक्ष देत नाहीत’ म्हणून मार खाताना मी पाहिली आहेत. त्यातल्या काहींना फळ्यावरचं दिसत नव्हतं आणि काहींना माझं बोलणं ऐकू येत नव्हतं. म्हणून या बाबतीत माझा आवाज जरा चढतो.

दक्षिणा घेतली नाही. चाचणीचा कागद आला की दाखवायला या, एवढंच म्हटलं.

साडेअकरा

अपेक्षेप्रमाणे दुकानदार आले. बांधकामाच्या लोखंडी सामानाचं दुकान, वय पन्नाशीजवळ, दुसरं दुकान भागीदारीत काढायचं चाललं आहे. करारनामा तयार आहे, सही करायची राहिली आहे. बुध वक्री असताना सही करू नये असं त्यांनी मोबाइलवर वाचलं होतं. शिवाय दशाही बुधाची, म्हणजे दुप्पट भीती.

त्यांचं लग्न धनू. धनू लग्नाला बुध सप्तम आणि दशम या दोन स्थानांचा स्वामी होतो. सप्तमातून भागीदार आणि करार बघतात, दशमातून धंदा. त्यामुळे या लग्नाला बुधाची १७ वर्षं धंद्यासाठी फार बोलकी मानतात. यांचा बुध मात्र चौथ्या स्थानी मीन राशीत, म्हणजे नीच राशीत. चौथं स्थान जागेचं, वास्तूचं. परंपरेने वाचायचं तर धंदा वाढेल, पण जागेच्या कागदपत्रांत गुंता होईल. बुध स्वतःचं फार थोडं देतो, तो ज्याच्या घरात आणि ज्याच्या सोबतीला बसतो त्याचा रंग घेतो, असं जुने लोक सांगत. म्हणून मीनेचा स्वामी गुरू कुठे आहे ते पाहिलं. तो सप्तमात, केंद्रात. त्यामुळे नीचत्वाला आधार मिळतो असं शास्त्रकार मानतात.

पण त्यांना फलितापेक्षा सहीची तारीख हवी होती. मी त्यांच्यासमोर हिशेब मांडला. बुध वर्षातून तीनदा वक्री होतो, क्वचित चौथी वेळ सुरू होते, आणि दर खेपेला साधारण तीन आठवडे वक्री राहतो. १७ वर्षांत असे पन्नासाहून अधिक काळ येतात. त्यांचे दिवस जोडले तर अकराशेच्या पुढे जातात. म्हणजे बुधाच्या महादशेत दर वक्री काळात व्यवहार बंद ठेवायचा म्हटलं तर १७ पैकी तीन वर्षांहून अधिक काळ दुकानाला टाळं. व्यापाऱ्याचा ग्रह असं सांगेल का? वक्रीचं फळ जन्मपत्रिकेतल्या बुधाशी आणि दशेशी जोडून बघायचं असतं. आभाळात बुध मागे फिरला की गावातले सगळे करार खराब होतात, असं मी शिकलेल्या कुठल्याही पद्धतीत नाही.

करारनाम्याची प्रत त्यांच्या पिशवीत होती. भागीदाराने किती भांडवल घालायचं ते आकड्यात आणि अक्षरात वेगळं पडलं होतं. आकड्यात एक शून्य कमी. तेवढं मला दिसलं, बाकीचं वकिलांनी बघायला हवं. ते म्हणाले, “हाच तो नीच बुध, बाई!” मी म्हटलं, तुम्हाला तसं वाटत असेल तर वाटू दे, पण शून्य आधी लिहून घ्या आणि जागेचा सातबारा व भाडेकरार वकिलांकडून वाचून घ्या. त्यांच्या नावापुढे वहीत नोंद केली: जागेच्या कागदावरून वाद होण्याची शक्यता सांगितली, मुदत पुढचं दीड वर्ष.

दुपारी एक

वरणभात, सुरणाची भाजी. अर्धा तास पाठ टेकली.

दुपारी तीन

ती वडिलांबरोबर आली. वय २४, काजूच्या दुकानात हिशेब बघते. हातात दोन पत्रिका. एक आजोबांनी जाड कागदावर काळ्या शाईने लिहिलेली, अक्षर इतकं सुंदर की पाहत राहावं. दुसरी अलीकडे संगणकावर काढलेली, तीन घड्या पडलेली. आजोबांच्या पत्रिकेप्रमाणे तिची बुधाची महादशा ऑगस्ट २०२२ मध्ये संपली आणि केतूची लागली. केतू आठव्या स्थानी. तेव्हा ती नुकतीच पदवीधर झाली होती आणि भाषांतराच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला जायचं म्हणत होती. घरात ठरलं की बुध संपला, केतूत शिक्षणाला पैसे घालू नयेत, सात वर्षं दुकान बघावं. संगणकाच्या पत्रिकेत मात्र बुध एप्रिल २०२८ पर्यंत दिसतो. “खरी कुठली?” वडिलांनी विचारलं. मुलगी काही बोलली नाही, पण पुढे सरकून बसली.

जन्म ऑक्टोबर २००१, रात्री साडेआठच्या सुमाराचा, रत्नागिरी जिल्ह्यातला. दोन्ही पत्रिकांत लग्न वृषभ, दोन्हींत चंद्र वृश्चिकेत, बुध कन्येत, शनी लग्नी. सगळे ग्रह त्याच त्याच घरांत. म्हणूनच तीन वर्षं कुणाला शंका आली नाही. फरक अंशांचा होता. संगणकाच्या पत्रिकेत चंद्र वृश्चिकेच्या १० अंशांवर (हिशेब सोपा राहावा म्हणून कला सोडून देते), तर आजोबांच्या पत्रिकेत १४ अंशांवर.

आजोबांच्या पत्रिकेच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलं होतं, टिळक पंचांगावरून. उत्तर तिथेच होतं.

आपल्याकडे निरयन राशिचक्राचा आरंभ कुठून मोजायचा यावर जुना मतभेद आहे. केरो लक्ष्मण छत्र्यांनी एकोणिसाव्या शतकात आकाशातल्या प्रत्यक्ष वेधांशी जुळणारं पंचांग काढलं तेव्हा रेवतीचा योगतारा म्हणून झीटा पिशियम ही तारका धरली आणि तिथून मोजणी सुरू केली. लोकमान्य टिळकांनी त्याच पक्षाचा पुरस्कार केला आणि त्यांच्या नावाचं पंचांग आजही कोकणात काही घराण्यांत चालतं. त्या घरांत काही वर्षी गणपती इतरांपेक्षा महिनाभर आधी बसतो. शेजाऱ्यांना नवल वाटतं, त्यांना नाही. दुसरा पक्ष चित्रा ताऱ्याच्या समोरचा बिंदू आरंभ धरतो. मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखालच्या पंचांग सुधारणा समितीने १९५५ च्या अहवालात चित्रापक्षाला मान्यता दिली. बाजारातली बहुतेक पंचांगं आणि मोबाइलवरची बहुतेक साधनं आता तेच वापरतात. या दोन पक्षांच्या अयनांशांत जवळपास चार अंशांचं अंतर आहे. तिथी दोन्हींत तीच, कारण ती चंद्र आणि सूर्य यांच्यातल्या अंतरावर चालते. नक्षत्र आणि दशा मात्र बदलतात.

मी पाटी काढली. खरंच पाटी, दगडी, शाळेतून निरोपाला मिळालेली. वडिलांना शेजारी बसवलं आणि मुलीला मोजायला सांगितलं.

अनुराधा नक्षत्र वृश्चिकेच्या ३ अंश २० कलांपासून १६ अंश ४० कलांपर्यंत. स्वामी शनी, वर्षं १९. चंद्र १० अंशांवर असेल तर पुढे ६ अंश ४० कला उरतात. ते नक्षत्राचं बरोबर अर्धं. म्हणून शनीची साडेनऊ वर्षं भोग्य आणि बुध लागतो वयाच्या साडेनऊव्या वर्षी, एप्रिल २०११ मध्ये. चंद्र १४ अंशांवर धरला तर २ अंश ४० कला उरतात. तो नक्षत्राचा पाचवा हिस्सा. १९ चा पाचवा हिस्सा म्हणजे ३ वर्षं ९ महिने १८ दिवस. मग बुध ऑगस्ट २००५ मध्येच लागतो. दोन तारखांत ५ वर्षं ८ महिन्यांचा फरक! आजोबांची एकही बेरीज चुकलेली नव्हती. संगणकाचीही नव्हती. आरंभबिंदू वेगळा, एवढंच.

वडील पाटीकडे बराच वेळ बघत राहिले. “म्हणजे दादांचं चुकलं नाही,” ते म्हणाले. नाही, अजिबात नाही. त्यांनी आपल्या घराण्याचं पंचांग निष्ठेने धरलं. पण ज्या घरात सणवार एका पक्षाने आणि मोबाइलवरचं भविष्य दुसऱ्या पक्षाने पाहिलं जातं, तिथे दशेची तारीख कुठल्या पक्षाची हे विचारल्याशिवाय तिच्यावर काहीही बांधू नये. मी स्वतः चित्रापक्षाने चालते, हे सांगितलं.

मग बुध पाहिला. वृषभ लग्नाला बुध दुसऱ्या आणि पाचव्या स्थानाचा स्वामी. दुसरं स्थान वाणीचं आणि घरच्या पैशाचं, पाचवं विद्येचं आणि बुद्धीचं. हिचा बुध पाचव्यातच, कन्येत, म्हणजे आपल्याच आणि उच्च राशीत. बरोबर शुक्र, तिचा लग्नस्वामी, जो कन्येत नीच असतो, पण राशीचा स्वामी शेजारीच बलवान बसलेला. लिहिण्या-वाचण्याच्या दृष्टीने यापेक्षा चांगला बुध माझ्याकडे फार वेळा आलेला नाही. उणी बाजूही आहे. बुध वक्री, आणि सूर्य पुढच्या राशीत असला तरी दहाएक अंशांवर. वक्री बुधाला बारा अंशांच्या आत अस्तंगत धरतात. बुध सूर्यापासून अठ्ठावीस अंशांपलीकडे कधी जातच नाही, म्हणून त्याचा अस्त फारसा मनावर घेऊ नये असं काही जाणते म्हणतात. माझा कल त्यांच्या बाजूने आहे, तरी उणेपणाच्या खात्यात ते मी लिहून ठेवते.

तिचा बुध काय करत आला ते विचारायचं तर अंतर्दशा बघाव्या लागतात. १७ वर्षं एकसारखी कधीच जात नाहीत. महादशेची वर्षं आणि अंतर्दशेच्या ग्रहाची वर्षं यांचा गुणाकार करून दहाने भागलं की महिने मिळतात. बुधात शुक्र ३४ महिने, बुधात रवी जेमतेम १० महिने ६ दिवस, बुधात शनी ३२ महिने ९ दिवस. चित्रापक्षाने तिला सप्टेंबर २०१४ ते जुलै २०१७ बुधात शुक्र होता. आता यंदाच्या ऑगस्टपासून शेवटची अंतर्दशा, बुधात शनी, ती एप्रिल २०२८ पर्यंत. शनी वृषभ लग्नाला नववं आणि दहावं ही दोन्ही स्थानं सांभाळतो आणि हिच्या तर लग्नी बसला आहे. उच्च शिक्षण आणि काम यांची सांगड घालणारा काळ, उशिराने पण टिकाऊ, असं वाचन निघतं.

मी विचारलं, २०१४ ते १७ मध्ये काय झालं? “माझी एक गोष्ट छापून आली होती,” ती पहिल्यांदा बोलली, “मुलांच्या दिवाळी अंकात. २०१५ ला.” वडिलांना हे आठवत नव्हतं. आणि २०२२ नंतर? दुकानात बसल्यावर तिने काजूच्या प्रतींची माहिती देणारी छोटी पुस्तिका लिहिली. डब्ल्यू-१८० आणि डब्ल्यू-३२० यांत काय फरक, एका पौंडात साधारण किती गर बसतात त्यावरून हे आकडे कसे पडतात, तुकडा कुठे वापरावा, साठवण कशी करावी. तीच पुस्तिका तिने इंग्रजी आणि हिंदीतही केली. त्यावर पुण्याचे आणि बेळगावचे दोन घाऊक ग्राहक आले. वडील म्हणाले, “हो, ते मात्र हिच्यामुळेच.”

माझा उत्साह वाढत चालला होता, आणि नेमकं तिथेच मी थांबले. याचं कारण पुढच्या तासात आहे.

निरोप देताना मी दोनच गोष्टी सांगितल्या. माझ्या पद्धतीप्रमाणे बुध संपलेला नाही. आणि तो संपून केतू लागला असता तरी, केतूत शिकू नये असं कुठेच नाही. व्याकरण, भाषांतर, संशोधन, बारकाव्यात शिरावं लागतं असं कुठलंही काम केतूकडे बघणारे लोक आनंदाने करतात. पुढच्या जूनच्या प्रवेशासाठी अर्ज भरायचा की नाही हा निर्णय गुणपत्रिका, शुल्क आणि दुकानात दुसरा माणूस ठेवता येतो का यावर घ्या. पत्रिकेने अडवलेलं नाही, एवढं मी छातीठोकपणे सांगू शकते. मुलीने आजोबांची पत्रिका पुन्हा नीट घडी करून पिशवीत ठेवली.

संध्याकाळी साडेपाच

ही वेळ वहीची. माणसं गेली की दार लावून मी ताळा घेते. गणिताच्या बाईला ताळ्याशिवाय उत्तर खरं वाटत नाही.

दुपारच्या मुलीच्या आयुष्यातल्या ठळक घटना एका कागदावर लिहिल्या: छापलेली गोष्ट, दहावी, पदवी, अडलेला प्रवेश, पुस्तिका. मग दोन्ही तक्ते समोर ठेवून जुळवायला बसले. चित्रापक्षाने २०१५ ची गोष्ट बुधात शुक्राची: शुक्र लग्नस्वामी, पाचव्यात, साहित्य. सुंदर जुळलं. आता टिळक पक्षाने तोच काळ बुधात राहूचा: राहू दुसऱ्या स्थानी, बुधाच्याच मिथुन राशीत, वाणीतून अचानक प्रसिद्धी. तेही सुंदर जुळलं! २०२२ चा अडथळा टिळक पक्षाने अष्टमातल्या केतूचा. चित्रापक्षाने बुधात राहूचा, घरच्यांचा गैरसमज. पुस्तिका एका हिशेबाने बुधात गुरू, दुसऱ्याने केतूतला बारकावा.

जवळपास सहा वर्षं पुढेमागे सरकलेले दोन तक्ते, आणि दोन्ही तितकेच पटतात. मागे वळून जुळवणं किती सोपं असतं ते हात दाखवून दिल्यासारखं समोर आलं. बुधाकडे शिक्षण, लेखन, हिशेब, व्यापार, बोलणं, मामा, मित्र, त्वचा एवढं सगळं सोपवलं आहे की कुठल्याही वर्षात त्यातलं काहीतरी घडलेलं असतंच. दशेच्या फलांची ही मर्यादा मला कुणी पुस्तकातून शिकवली नाही, दोन पंचांगांनी शिकवली.

बाहेरून घेतलेला ताळाही मला माहीत आहे. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी २००८ च्या सुमाराला ज्योतिषाची एक चाचणी घेतली. त्यांनी दोनशे मुलांच्या पत्रिका जमवल्या, शंभर हुशार विद्यार्थ्यांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या. भाग घेणाऱ्या प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या चाळीस पत्रिका देऊन कुठली कुणाची ते ओळखायला सांगितलं. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली आणि बरोबर उत्तरांचं सरासरी प्रमाण ४६ टक्के निघालं. नाणं उडवून जे मिळालं असतं त्याच्या आसपासच. प्रश्न बुद्धीचा होता, म्हणजे बुधाच्या घरचाच. माझ्या धंद्यातली काही माणसं त्या चाचणीच्या पद्धतीवर आक्षेप घेतात. मी ती वाचली तेव्हा आक्षेप शोधत बसले नाही. दुसऱ्या दिवशी दुकानातून दोनशे पानी वही आणली.

वहीला तीन रकाने आहेत: तारीख, मी काय सांगितलं, पुढे काय झालं. सांगताना मुदत घालायची, आणि मुदत संपली की फोन करून विचारायचं. गोलमोल वाक्य रकान्यात भरता येत नाही, त्यामुळे बोलणंही आपोआप नेमकं होत गेलं. व्यापाराच्या नोंदींत मला काहीसं यश दिसतं, पण तिथे करार वाचून आणि माणूस बघून मी किती ओळखलं आणि बुधाने किती सांगितलं हे मला वेगळं काढता आलेलं नाही. शिक्षणाच्या भाकितांच्या रकान्यात बरोबर आणि चूक जवळपास सारखेच आहेत. म्हणून मुलांच्या शाखा, परीक्षा आणि प्रवेश यांबद्दल दशेवरून ‘करू नका’ असं सांगणं मी वही सुरू केल्यापासून बंद केलं. ‘करा’ म्हणतानाही गुणपत्रिका आधी बघते.

मग लोक येतात तरी कशाला, असं माझ्या मुलाने एकदा रागाने विचारलं होतं. आज आलेल्या तिन्ही घरांत आधी कुणीतरी बुधाच्या नावाने काहीतरी सांगून ठेवलं होतं. ते पुसायला त्याच भाषेत बोलणारं माणूस लागतं. काजूवाल्या काकांना मी नुसतं ‘मुलीला शिकू द्या’ म्हटलं असतं तर ते हात जोडून निघून गेले असते. पाटीवरची त्रैराशिकं त्यांनी पाहिली, आणि आजोबांचा मान राहिला.

रात्री साडेआठ

न्यू जर्सीहून फोन. तिथे सकाळ. माझी जुनी विद्यार्थिनी, दहावीला तिचे गणितात पूर्ण गुण होते. तिची मुलगी आश्लेषेवर, तिथेच, जुलैत जन्मलेली. इथे आजीने करून घेतलेल्या पत्रिकेत बुधाची दशा एका तारखेला संपते, तिच्याकडच्या पत्रिकेत साडेआठ महिने पुढेमागे. या वेळी दोन्हींकडे अयनांश एकच होता, मी आधी तेच विचारलं.

साडेआठ महिने हा आकडा ऐकल्यावर मला हसू आलं. चंद्राला एक नक्षत्र ओलांडायला साधारण एक दिवस लागतो. १७ वर्षांना २४ ने भागलं तर तासाला साडेआठ महिने पडतात. म्हणजे जन्मवेळेत बरोबर एका तासाची चूक. तिथे उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करतात. जुलैत आपल्यापेक्षा ते साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा. इथल्या पत्रिकेत साडेदहाच धरले होते. “बाई, पायरी गाळली की गुण कापायचात तुम्ही,” ती म्हणाली. दहा मिनिटांच्या चुकीलाही दीड महिना पडतो, म्हणून रुग्णालयातल्या कागदावरची वेळ धर, भिंतीवरच्या घड्याळाची आठवण नको, एवढं सांगितलं. मुलगी मराठी बोलते का विचारलं. फोनवर आली, “नमस्कार आजी” म्हणाली आणि पळाली.

रात्री दहा

वहीत आजच्या नोंदी पुऱ्या केल्या. दुकानदार: वर लिहिलं आहेच. रेवतीचं मूल: भाकीत नाही, श्रवण चाचणीचा निकाल विचारायचा, पुढचा बुधवार. काजूवाली मुलगी: तिच्या ओळीत जरा वेळ लागला. बुधात शनी एप्रिल २०२८ पर्यंत, पदव्युत्तर शिक्षण सुरू होऊन बहुतेक पूर्ण होईल, असं लिहिलं. मग त्याच ओळीखाली टिळक पक्षाचं वाचन लिहिलं: केतू ऑगस्ट २०२९ पर्यंत, शिक्षणात खंड. दोन्ही वाचनं आधी लिहून ठेवून ताळा घ्यायची संधी मला पहिल्यांदाच मिळाली आहे. तिसरा रकाना कोरा सोडला. पानाच्या वरच्या कोपऱ्यात तिच्या दुकानाचा फोन नंबर लिहून त्यापुढे पुढच्या जूनची तारीख टाकली आणि दिवा मालवला.